शॅम्पू आणि तयारी हेल्परकडे दिली तर शनिवारी जास्त क्लायंट होतील का?

आरसा_त्रिमूर्तीनगर
नमस्कार मंडळी. त्रिमूर्तीनगरात माझं लेडीज सलोन आहे. तीन खुर्च्या, एक बेसिन. मी स्वतः काम करते, सोबत एक जुनी स्टायलिस्ट आहे आणि दिवाळीपासून एक हेल्पर मुलगी ठेवली आहे. ती सध्या झाडू, टॉवेल, चहा आणि फोन एवढंच बघते.

शनिवार-रविवारी सोफा भरलेला असतो. दोघी-तिघी तरी "येते मी नंतर" म्हणून उठून जातात, आणि त्या काही येत नाहीत. म्हणून दोन गोष्टी डोक्यात आहेत. एक, प्रत्येक कामाला ठरलेला वेळ : कट पाऊण तास, रूट टचअप दीड तास, वगैरे. दुसरं, केस धुणं, केप बांधणं, सेक्शन करून क्लिपा लावणं, रंग कालवणं हे सगळं त्या मुलीकडे. म्हणजे आम्ही दोघींनी फक्त कात्री आणि ब्रश धरायचा.

कोणी असं केलंय का? वेळ कसे ठरवले? आणि क्लायंट कुरकुर करतात का?

कंगवा_सीताबर्डी
मॅडम, आमचं जेन्ट्सचं दुकान, वडिलांपासून चालू आहे. आमच्याकडे कटिंग वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं, कारागीर कोणताही असो. गिऱ्हाईक बसलं की घड्याळ चालू. जुना कारागीर गप्पा मारत बसला तर मीच आवाज देतो, "चला भाऊ, पुढचा थांबून राहिला." दाढीसाठी पोट्टं आधीच फेस करून ठेवते, गरम टॉवेल तयार ठेवते, कारागीर फक्त वस्तरा चालवते. तुम्ही पण सगळ्यांना एकच टाइम लावून द्या. नाही पाळला तर पगारातून कापा. आठ दिवसात सुधरतात.

धरमपेठची_कात्री
कंगवा भाऊंचं निम्मं बरोबर आहे. फेस आणि टॉवेल तयार असणं हीच खरी मेख. पण सगळ्यांना एकच वेळ हे पुरुषांच्या साध्या कटला चालतं, कारण डोकी साधारण सारखी. बायकांच्या केसांत एकीचे खांद्यापर्यंत विरळ आणि दुसरीचे कमरेपर्यंत दाट. आणि पगार कापलात तर काम लवकर होत नाही, मागची लेयर न तपासता केप काढली जाते. ती बाई दोन दिवसांनी "एक बाजू लांब राहिली" म्हणून परत येते आणि फुकटात अर्धा तास खाते.

आरसा, आधी वेळ ठरवू नका, आधी मोजा. दोन आठवडे प्रत्येक क्लायंटच्या चिठ्ठीवर हेल्परनेच वेळ लिहायची : खुर्चीत कधी बसली, बेसिनला कधी गेली, परत कधी आली, कात्री कधी थांबली, केप कधी निघाली. केसांची लांबी आणि कोणी काम केलं तेही लिहा. मग त्यातून तीन वेगळे वेळ काढा. स्टायलिस्टचा हात लागतो तो, हेल्परचा हात लागू शकतो तो, आणि कोणाचाच हात लागत नाही तो, म्हणजे रंग बसत असताना नुसतं थांबायचं तो. "कट पाऊण तास" असं एकच आकडा धरून बसलात तर यातलं काहीच दिसत नाही.

अजून एक. या चिठ्ठ्यांची सरासरी काढून अपॉइंटमेंट देऊ नका. सरासरी चाळीस मिनिटं आली याचा अर्थ जवळपास निम्म्या जणींना चाळीसपेक्षा जास्त लागली, आणि त्यांतली प्रत्येक जण पुढचीला ढकलणार. दहातल्या आठ जणी ज्या वेळात आटोपतात तो वेळ धरा. तुमचा वेगळा, त्या दुसऱ्या स्टायलिस्टचा वेगळा.

मनोज_हिंगणारोड
चांगला धागा. माझा प्रश्न असा की आमच्या लेआउटमध्ये बोरचं पाणी आहे आणि शॅम्पूचा फेसच होत नाही. केस पण खूप गळून राहिले. सलोनमध्ये कोणता शॅम्पू वापरता ते सांगाल का?

कंगवा_सीताबर्डी
मनोज भाऊ, इथं शॅम्पू कोण करते यावर बोलणं चालू आहे, कोणता यावर नाही 😀

धरमपेठची_कात्री
हसू नका, पाण्याचा मुद्दा याच धाग्याचा आहे. बोरच्या जड पाण्यात फेस कमी होतो आणि धुवायला वेळ जास्त लागतो. बेसिनला बोरचं पाणी असेल तर वॉशचे दोन-चार मिनिटं जास्तच धरा. मनोज, केस गळण्याचं मात्र त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आरसा_त्रिमूर्तीनगर
आमच्याकडे नळाचं येतं, टाकीत साठवतो. ताई, तुम्ही सांगितलं तसं मोजलं. दोन आठवडे धीर धरवला नाही, पण एका शनिवार-रविवारच्या चिठ्ठ्या भरल्या आहेत. खांद्यापर्यंतच्या केसांचा कट, माझ्या हातचा : बोलणं ५, वॉश १५, कट ३०, ब्लो-ड्राय १५, शेवटची नजर ५. म्हणजे ७० मिनिटं, आणि आज सगळी माझीच जातात. मी पाऊण तास समजत होते!

रूट टचअप : बोलणं ५, रंग लावणं २५, थांबणं ३५, वॉश १५, ड्राय २०, शेवटची नजर ५. एकूण १०५.

मग मी असा शनिवार बसवला. ११ वाजता टचअपवाली, तिला अ म्हणू. ११.३० ला तिचा रंग लावून झाला की ब ही कटवाली घ्यायची. आणि ब कट होत असताना क ही दुसरी कटवाली ११.४० ला बोलवून मुलीकडून धुवून तयार ठेवायची. म्हणजे मला एक मिनिट रिकामं नाही. जमेल ना?

धरमपेठची_कात्री
नाही जमणार. कुठे अडेल ते तुमच्याच आकड्यांवर बघा.

अ चा रंग ११.३० ला पूर्ण लागला. थांबायचे ३५ तिथून मोजायचे, पहिला ब्रश लावला तिथून नाही. हे हेल्परला पहिल्याच दिवशी सांगा. म्हणजे १२.०५ ला अ बेसिनवर हवी. ब शी तुम्ही ११.३० ते ११.३५ बोललात, मुलीनं तिला ११.५० पर्यंत धुतलं. आता क बेसिनवर जाऊ शकते ती ११.५० नंतर, म्हणजे उठबस धरून ११.५५ ते १२.१०. आणि १२.०५ ला अ चा टायमर वाजतो. बेसिन एक, मुलगी एक, आणि तुम्ही ब च्या मानेपाशी कात्री धरून उभ्या. क डोक्यावर फेस घेऊन पडली आहे, अ आरशातून तुमच्याकडे बघते आहे. क सुटली की ती ओल्या केसांनी १२.२० पर्यंत तुमची वाट बघणार, तोवर केस अर्धे सुकतात आणि परत पाणी मारावं लागतं.

साध्या रंगाला पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर सहसा निभतं. लवकर धुतला तर जास्त वाईट, पांढरे केस झाकले जात नाहीत. पण अ च्या जागी ब्लीच किंवा हायलाइटवाली असती तर पाच मिनिटांत शेड गेली असती किंवा केस रबरासारखे ताणले गेले असते.

तेव्हा क ला ११.४० ऐवजी १२.३५ द्या. आता बघा. ब चा कट ११.५० ते १२.२०. त्याच वेळी १२.०५ ते १२.२० मुलगी अ ला धुते. १२.२० ला दोघी ओल्या आहेत आणि हेल्पर एकच, म्हणून ब ला तुम्ही ड्राय करा, १२.३५ ला ती मोकळी. मुलगी अ ला १२.४० पर्यंत ड्राय करते. १२.३५ ला क आली, तिच्याशी पाच मिनिटं बोललात, १२.४० ला मुलगी तिला बेसिनवर नेते आणि तुम्ही अ वर शेवटची नजर टाकून बिल करता. १२.५५ ला क कटला बसली.

पावणेएकपर्यंत अ आणि ब दोघी गेल्या. एकट्यानं एकामागून एक केलं असतं तर दोन वाजायला पाचच मिनिटं कमी राहिली असती. तुम्हाला मध्ये पंधरा आणि दहा मिनिटं रिकामी दिसतील. ती रिकामीच ठेवा. कोणीतरी उशिरा येणार, कोणाचे केस फोटोपेक्षा दाट निघणार. तो उशीर तिथे जिरतो.

आरसा_त्रिमूर्तीनगर
हे लक्षातच आलं नव्हतं की अडचण माझ्या हाताची नाही, बेसिनची होईल. मग दुसरं बेसिन घालू का?

धरमपेठची_कात्री
दुसरं बेसिन घातलं तरी धुणारी एकच. आणि तुमच्या दुसऱ्या स्टायलिस्टचे क्लायंटही त्याच बेसिनवर येणार हे वरच्या हिशेबात धरलेलंच नाही. म्हणून दोघींचे रंग एकाच वेळी सुरू करू नका, अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. अपॉइंटमेंटच्या वहीत दोघींच्या दोन रकान्यांशेजारी तिसरा रकाना बेसिनचा काढा. तो भरला की त्या वेळी कोणी घ्यायचं नाही. आधी हे महिनाभर करून बघा, मग प्लंबरला बोलवा.

लांबकेसवाली
मी क्लायंटच्या बाजूनं लिहिते. रामदासपेठेत एका ठिकाणी वर्षानुवर्षं जायचे. मग त्यांनी असंच सुरू केलं. आत गेल्या गेल्या एक मुलगी थेट बेसिनवर नेते, कोणी विचारत नाही की काय करायचंय. केस ओले करून खुर्चीत बसवलं, मग मॅडम आल्या आणि म्हणाल्या "किती कमी करायचे?" माझे केस कुरळे आहेत. ओले असताना कमरेला लागतात आणि वाळले की चार बोटं वर जातात. त्यांनी ओल्या केसांवर मापलं. काय झालं ते सांगायला नको. पैसे त्यांच्या हाताचे घेता ना, मग दोन मिनिटं तर द्या.

आणि त्या बेसिनवर मान फार दुखते. मला स्पाँडिलायटिस आहे, पण धुणाऱ्या मुलीला ते कसं माहीत असणार?

धरमपेठची_कात्री
लांबकेसवाली ताई, तुमचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. पहिली पाच मिनिटं स्टायलिस्टचीच, आणि कोरड्या केसांवर. केस कसे पडतात, भोवरा कुठे आहे, आधीचा कट कुठे चुकलाय, हे धुतल्यावर दिसत नाही. "मेंदी लावता का, घरी काळा रंग लावता का" हे तेव्हाच विचारायचं, त्यावर सगळा फॉर्म्युला फिरतो. हे बोलणं हेल्परकडे दिलं की वेळ वाचल्यासारखा वाटतो आणि शेवटी दुप्पट जातो.

दुसरी गोष्ट सांगते, कारण "आली की धुवा" अशी सरसकट सूचना दिली की हे होतंच. रूट टचअप आणि टाळूवर लागणाऱ्या ब्लीचच्या आधी डोकं धुवायचं नाही. टाळूवरचं नैसर्गिक तेल थोडं कवच देतं. माझ्या ओळखीच्या एका सलोनात नव्या मुलीनं उत्साहानं चोळून चोळून धुतलं, आणि रंग लागल्यावर बाई आग होते म्हणून उठल्या. चोपडून तेल लावून येणाऱ्या आपल्याकडे बऱ्याच. त्यांना फोनवरच सांगा की आदल्या दिवशी घरी धुवून या. कट असेल तर तेलाच्या केसांना दोनदा शॅम्पू लागतो, तो वेळ वेगळा धरा. अ‍ॅलर्जीची टेस्ट तर ४८ तास आधी करायची असते, ती काही अपॉइंटमेंटच्या पाच मिनिटांत बसत नाही.

मानेचं म्हणाल तर हे हलक्यात घेऊ नका. २०२२ साली हैदराबादेत बेसिनवर मान मागे टाकून केस धुताना एका बाईला स्ट्रोक आल्याची बातमी होती. क्वचित होतं, पण मानेखाली टॉवेलची गुंडाळी, आणि "दुखतं का" हा प्रश्न हेल्परच्या तोंडी बसलाच पाहिजे. दुखत असेल तर पुढे वाकवून धुवा.

सोनपापडी_२३
मी हेल्परच आहे, सदरमध्ये. मी बोलू का? तुम्ही सगळे वेळ मोजून राहिले, पण आम्हाला कोणी नीट शिकवत नाही. पहिल्या दिवशी सांगतात "धू." रंग धुवायची पण पद्धत असते हे मला फार उशिरा कळलं. आधी पूर्ण नळ सोडायचाच नाही. थोडंसं कोमट पाणी घ्यायचं आणि कपाळाच्या कडेनं, कानामागं बोटांनी गोल गोल फिरवायचं. लावलेला रंगच परत पातळ होते आणि चामडीवरचा डाग त्याच्यासोबत निघते. मग नळ. असं नाही केलं तर कानावर काळा पट्टा राहते आणि मॅडम पाच मिनिटं कापसानं पुसत बसतात. वाचवलेला टाइम तिथंच गेला ना.

अन् मे महिन्यात दुपारी टाकीचं पाणी नळातून उकळतं येते. नळ सोडून आधी मनगटावर घ्यायचं, मग डोक्यावर. एकदा एक बाई ओरडलीच होती.

शनिवारी दिवसभर धुवून माझ्या बोटांच्या मधात भेगा पडतात. हातमोजे मागितले तर म्हणे केस अडकतात, पकड येत नाही. रंग धुताना तरी द्या जी.

आरसा_त्रिमूर्तीनगर
सोनपापडी, बरं झालं लिहिलंस. हातमोज्यांचा डबा उद्याच आणते.

धरमपेठची_कात्री
नायट्राइलचे घ्या, तिच्या मापाचे. सैल मोज्यातच केस अडकतात. आणि धुऊन झालं की हात कोरडे करून जाड क्रीम. हे दयेपोटी नाही सांगत. ज्या मुलीच्या हाताला एक्झिमा झाला ती मुलगी आणि तिच्यावर बसवलेलं वेळापत्रक दोन्ही गेलं.

हिशेबी_मनीषनगर
मी सलोनवाला नाही, दोन-तीन सलोनांचे हिशेब बघतो. एक रोखठोक प्रश्न : मंगळवार ते गुरुवार तुमच्या खुर्च्या किती भरलेल्या असतात?

आरसा_त्रिमूर्तीनगर
खरं सांगू तर अर्ध्याही नाही. मंगळवारी कोण केस कापतं आपल्याकडे!

हिशेबी_मनीषनगर
मग वेळ वाचवून मिळणार काय? ७० मिनिटांचं काम ४० मध्ये केलं आणि पुढची बाईच नसेल तर तुम्ही अर्धा तास जास्त बसाल, एवढंच. तुमचा फायदा फक्त शनिवार-रविवारी, जिथे सोफ्यावरून लोक उठून जातात. समजा कट ५०० रुपयांचा आहे आणि त्या दोन दिवसांत मिळून चार कट वाढले. आठवड्याला २,०००, महिन्याला साधारण ८,०००. माल, लाईट, स्टायलिस्टचा इन्सेन्टिव्ह जाऊन त्यातले पाच-सहा हजार उरतील. आहे त्या मुलीला शिकवलंत तर हे पैसे बरे. पण यासाठी पूर्ण पगाराची दुसरी हेल्पर घेतली तर गणित उलटं. फार तर शनिवार-रविवारपुरती एक जण घ्या.

कंगवा_सीताबर्डी
बराबर बोलले. अन् मॅडम, शिकवलेली पोट्टी सहा महिन्यात स्वतःचं पार्लर टाकते हे पण लिहून घ्या. माझे दोन गेले असे, एक तर त्याच गल्लीत.

सोनपापडी_२३
शिकवलं नाही तर त्याहून लवकर जाते भाऊ. दोन वर्षं नुसते टॉवेल धुवायला कोण थांबते?

धरमपेठची_कात्री
सोनपापडी बरोबर आहे. मंगळवार-बुधवार रिकामे आहेत ना, तेच शिकवण्याचे दिवस. आधी वॉश, मग रंग कालवणं. वजनकाट्यावर, अंदाजानं नाही. ट्यूबवर १ ला दीड लिहिलं असेल तर ४० ग्रॅम रंगाला ६० डेव्हलपर. मग ड्राय, मग टचअपचा मागचा भाग. मागच्या भागाचा ब्रश दोघींनी मिळून मारला तर २५ मिनिटांचं लावणं १५ वर येतं, आणि पहिल्या आणि शेवटच्या सेक्शनमधला फरकही कमी होतो. पण तिचा ब्रश तुमच्याइतका भरलेला पडतो का ते बघितल्याशिवाय नाही. पातळ लावलं तर पांढऱ्या रेषा राहतात, आणि त्या घरी गेल्यावर दिसतात.

शेड आली की नाही हे बघायला मात्र प्रत्येक वेळी तुम्हीच उठायचं. त्यातही ब्लीच असेल तर हेल्परच्या "झालं वाटतं" वर नळ सुरू होता कामा नये. कट मध्येच सोडून जावं लागलं तरी चालेल. ब ला सांगून ठेवा की मी दोन मिनिटांसाठी तिकडे जाईन, कोणी रागवत नाही.

लांबकेसवाली
सांगितलं तर खरंच नाही रागवत. न सांगता गेलं तर राग येतो.

आरसा_त्रिमूर्तीनगर
कालचा शनिवार क ला १२.३५ देऊन चालवला. सकाळ छान गेली. दुपारी मात्र घोळ. फोनवर "खांद्यापर्यंत" म्हणाली ती बाई आली तर अंबाडा सोडला आणि कमरेपर्यंत केस! ग्लोबल कलर. लावायलाच पन्नास मिनिटं गेली, पुढच्या दोघींना फोन करून अर्धा तास पुढे ढकललं. वरून दोन ड्रायर आणि एसी एकत्र लागला तर लाईट ट्रिप झाली.

धरमपेठची_कात्री
रंगाच्या अपॉइंटमेंटला व्हॉट्सअ‍ॅपवर मागून काढलेला, केस मोकळे सोडलेला फोटो मागवा. लांबीप्रमाणे वेळ वेगळा आणि दरही वेगळा, दोन्ही फोनवरच सांगायचे. ड्रायरसाठी इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन ओढून घ्या, एक्स्टेन्शन बोर्डवर दोन लावू नका.

आरसा_त्रिमूर्तीनगर
एक प्रश्न राहिला. माझी स्टायलिस्ट म्हणते, तिच्या कटचा ड्राय मुलीनं केला तरी इन्सेन्टिव्ह पूर्ण तिलाच हवा. मुलीला त्यातलं द्यायला ती तयार नाही. तुम्ही कसं करता?

हिशेबी_मनीषनगर
स्टायलिस्टच्या वाट्याला हात लावू नका. तिचे क्लायंट वाढले की तिचं आपोआप वाढतं. मुलीला प्रत्येक वॉशमागे आणि ड्रायमागे ठरलेली रक्कम तुमच्या खिशातून द्या. तेवढी आकडेमोड परवडते.

कंगवा_सीताबर्डी
आमच्यात टिपचा डबा एकच, रात्री सगळे वाटून घेतात. पैशे कमी, पण भांडण नाही.

सोनपापडी_२३
वॉशमागे पैसे दिले तर पटपट धुणं होईल, अन् कंडिशनर तसाच राहील. मी आमच्याकडे पाहिलं आहे. डब्याचं बरं, पण आमच्या डब्याची चाबी मॅडमकडंच असते.